घसा बरा झाला म्हणजे आजार संपला असं नाही : टीनएजर मुलांमधला ग्लँड्युलर फीव्हर आणि आराम नेमका किती, कसा

मी गेली अठरा वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, रोज मायक्रोस्कोपखाली रक्ताच्या काचा बघणं हेच काम. डॉक्टर नाहीये, हे आधीच सांगते, औषध ठरवायचं काम तुमच्या डॉक्टरांचंच. पण मागच्या जुलैत माझ्या सख्ख्या बहिणीच्या मुलाला, वय १६, अकरावीत, कबड्डी खेळणारा दणकट पोरगा, हा आजार झाला आणि सहा आठवडे आम्ही तो जवळून बघितला, त्यात आमच्या हातून काय चुकलं आणि काय बरोबर झालं ते क्रमाने लिहितेय. कारण दर पावसाळ्यात अशी दोन-चार मुलं तरी आमच्या काउंटरवर येतातच आणि त्यांच्या आयांच्या चेहऱ्यावर तोच प्रश्न असतो, की घशाच्या इन्फेक्शनने पोरगं एवढं कसं गळून जातं.

आधी ओळखायचं कसं

सुरुवात अगदी साधी असते. भाच्याला सोमवारी अंग मोडून आल्यासारखं झालं, मंगळवारी १०२ ताप आणि घसा इतका की थुंकीसुद्धा गिळवेना. टॉर्च मारून बघितलं तर दोन्ही टॉन्सिल सुजून जवळजवळ एकमेकांना टेकलेले आणि वर पांढरट थर. इथपर्यंत हे कुठल्याही टॉन्सिलसारखंच दिसतं, त्यामुळे पहिल्या दोन दिवसांत कुणाला ओळखता आलं नाही तर त्यात डॉक्टरांची चूक नसते.

फरक तीन गोष्टींत कळतो. पहिली म्हणजे गाठी कुठे आहेत. साध्या घशाच्या इन्फेक्शनमध्ये जबड्याच्या खाली पुढच्या बाजूला गाठी दुखतात. ग्लँड्युलर फीव्हरमध्ये तिथे तर असतातच, पण मानेच्या मागच्या बाजूलाही असतात. कानाच्या मागून खांद्याकडे उतरणारा जो जाड स्नायू आहे ना, त्याच्या मागे हलक्या बोटांनी चाचपून बघा, दोन्ही बाजूंना शेंगदाण्याएवढ्या, कधी बोराएवढ्या गाठींची माळच लागते. कधी काखेत, जांघेतही अवधाण आल्यासारखं वाटतं. दुसरी गोष्ट म्हणजे थकवा, आणि हा तापातला नेहमीचा थकवा नसतो. ताप उतरलेला असतानाही मूल उठून बाथरूमला जाऊन आलं की भिंतीला टेकून बसतं, १४-१५ तास झोपतं आणि उठल्यावर झोप झाली नाही म्हणतं. तिसरी, थोडी वेगळी खूण, काही मुलांच्या वरच्या पापण्या पहिल्या आठवड्यात सुजलेल्या दिसतात. ताई मला म्हणाली होती, "अगं हा रडून उठल्यासारखा दिसतोय", तेव्हा मला खरं तर लक्षात यायला हवं होतं.

हा आजार बहुतेक वेळा एपस्टीन-बार नावाच्या व्हायरसमुळे होतो, लॅबमध्ये आम्ही त्याला ईबीव्ही म्हणतो. आपल्याकडे पुष्कळ मुलांना तो लहानपणीच गाठतो आणि साध्या सर्दी-तापासारखा निघून जातो, कळतही नाही. ज्यांना तो पहिल्यांदा १४ ते २० च्या वयात भेटतो त्यांचं शरीर त्याच्यावर जोरात तुटून पडतं आणि त्यातून हे सगळं होतं. पसरतो थुंकीतून, म्हणजे आपल्या भाषेत उष्ट्यातून. ग्राउंडवर पाच जणांत एक बाटली, डब्यातला एकच चमचा, एवढं पुरतं. इंग्रजीत याला चुंबनाचा आजार म्हणतात आणि पालक गुगलवर ते वाचून पोरापोरींची चौकशी सुरू करतात. कृपा करून तसं करू नका. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला चार ते सहा आठवडे जातात, त्यामुळे कुणाकडून आला हे शोधता येतच नाही आणि आजारी मुलाला आरोपीसारखं बसवून काही मिळत नाही.

अँटिबायोटिक आणि ते पुरळ

आमची पहिली चूक इथे झाली. पहिल्या दिवशी घरात उरलेली अमॉक्सिसिलिनवाली गोळी होती, आधीच्या कुणाच्या तरी घशासाठी आणलेली, ती ताईने डॉक्टरांना न विचारता सुरू केली. शनिवारी सकाळी पोराच्या छातीपासून मांड्यांपर्यंत लालभडक पुरळ आलं, गोवर आल्यासारखं. घरात एकदम घबराट.

ईबीव्ही असताना अमॉक्सिसिलिन किंवा अँपिसिलिन पोटात गेलं तर बऱ्याच मुलांना असं पुरळ येतं, हे डॉक्टरांना माहीत असतं. व्हायरसवर अँटिबायोटिक चालत नाही हे एक, आणि वर हे पुरळ. पण म्हणून घशाला कधीच अँटिबायोटिक नको असंही नाही हं, कारण स्ट्रेप नावाच्या जंतूमुळे घसा सुजला असेल तर त्याला पूर्ण कोर्स लागतो, नाहीतर पुढे हृदयाच्या झडपांना त्रास होऊ शकतो, आणि कधीकधी दोन्ही एकदम असतात. म्हणून निर्णय डॉक्टरांनी तपासून घ्यायचा, घरातल्या डब्यातून गोळी काढायची नाही. पुरळ आलं तर औषध थांबवून त्याच दिवशी दाखवायचं. ओठ-डोळे सुजले, श्वास लागला, गांधी उठल्या तर ती खरी ॲलर्जी असू शकते आणि मग थांबायचंच नाही, सरळ हॉस्पिटल. भाच्याचं साधं पुरळ होतं, पाच-सहा दिवसांत फिकं झालं. नंतर डॉक्टरांनी फाइलवर स्पष्ट लिहून दिलं की पुरळ ईबीव्हीच्या आजारात आलं होतं. हे लिहून घ्या, कारण नाहीतर 'पेनिसिलिनची ॲलर्जी' हा शिक्का जन्मभर चिकटतो आणि पुढे गरज असेल तेव्हा चांगलं औषध मिळत नाही.

कोणत्या तपासण्या, कधी

शनिवारी, म्हणजे सहाव्या दिवशी, रक्त मीच काढलं. सीबीसीमध्ये पांढऱ्या पेशी १४,८०० आल्या, त्यातल्या ६२ टक्के लिम्फोसाइट. प्लेटलेट १ लाख ३२ हजार. आता आपल्याकडे जुलैत प्लेटलेट कमी दिसले की सगळे पहिलं डेंग्यूच म्हणतात, आणि ते तपासायलाच हवं, आम्हीही तपासलं, निगेटिव्ह आलं. पण डेंग्यूत बहुतेक वेळा पांढऱ्या पेशी कमी होतात, इथे त्या वाढलेल्या होत्या. मग मी काच मायक्रोस्कोपखाली धरली आणि तिथे उत्तर होतं. मोठमोठ्या, पसरलेल्या, निळसर कडांच्या लिम्फोसाइट, शेजारच्या लाल पेशींना कवेत घेतल्यासारख्या चिकटलेल्या. रिपोर्टमध्ये त्याला 'एटिपिकल लिम्फोसाइट' लिहितात. एकूण लिम्फोसाइट ५० टक्क्यांच्या वर आणि त्यात अशा पेशी १० टक्क्यांच्या वर असल्या की या आजाराचा संशय पक्का व्हायला लागतो.

या पेशींबद्दल जरा थांबून सांगते कारण पुढचं सगळं यांच्यावर आहे. या पेशी व्हायरसच्या नसतात, त्यातल्या बहुतेक मुलाच्या स्वतःच्या लढणाऱ्या पेशी असतात. व्हायरस शिरलेल्या पेशी शोधून मारायला शरीर त्यांची प्रचंड फौज तयार करतं. ती फौज मानेच्या गाठींत भरते म्हणून गाठी सुजतात, टॉन्सिलमध्ये भरते म्हणून घसा बंद होतो, पाणथरीत म्हणजे स्प्लीनमध्ये भरते म्हणून ती फुगते, आणि या लढाईत शरीर जी रसायनं सोडतं त्यांनी तो हाडात शिरलेला थकवा येतो. म्हणून मूल आळशी झालंय, नाटक करतंय असं कुणी म्हटलं की मला त्यांना ती काच दाखवाविशी वाटते.

मोनोस्पॉट नावाची एक झटपट टेस्ट असते, ती भाच्याची निगेटिव्ह आली. पहिल्या आठवड्यात ती बऱ्याचदा खोटी निगेटिव्ह येते, तेवढ्यावर आजार नाही असं समजायचं नाही. एकतर आठवड्याने परत करायची किंवा ईबीव्हीची व्हीसीए आयजीएम ही अँटिबॉडी टेस्ट करायची, ती थोडी महाग असते पण जास्त भरवशाची. आमची ती पॉझिटिव्ह आली. एसजीपीटी १९० आलं, म्हणजे लिव्हरलाही सूज, हेही या आजारात नेहमीचंच आहे आणि काही आठवड्यांत आपोआप उतरतं, त्यासाठी लिव्हरची टॉनिकं आणि काढे घालू नका. आणि एक, नुसत्या विडाल टेस्टवर टायफॉइड ठरवू नका, ती दुसऱ्या तापांतही पॉझिटिव्ह येऊ शकते, टायफॉइडचा खरा संशय असेल तर डॉक्टर ब्लड कल्चर सांगतील.

पहिले दहा-बारा दिवस घरी

या व्हायरसला मारणारं उपयोगाचं औषध नाही, त्यामुळे दुखणं आणि ताप कमी ठेवणं, पाणी आत जात राहणं आणि झोप, एवढंच करायचं. ४० किलोच्या वरच्या मुलाला पॅरासिटामॉल ५०० ची एक गोळी, दोन गोळ्यांत कमीत कमी सहा तास, २४ तासांत चारच्या वर नाही. लिव्हर आधीच सुजलेलं असतं म्हणून ही मर्यादा पाळाच, आणि सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, ती वेगळी देऊ नका. आमच्याकडे कागदावर वेळा लिहून फ्रिजला लावला होता, कारण रात्री आई देते, पहाटे बाबा देतात आणि मोजणी चुकते. ॲस्पिरिन या वयात अजिबात नाही. आयब्युप्रोफेनवाल्या गोळ्याही डेंग्यूचा संशय पूर्ण जाईपर्यंत नकोत, प्लेटलेट कमी असताना रक्तस्रावाची भीती असते.

खाण्याचं म्हणाल तर जे घशाखाली उतरेल ते. गुरगुट्या भात आणि तूप, तांदळाची पेज, गार केलेली नाचणीची आंबील, ताक, शहाळं. गरम पाण्याने बरं वाटत नसेल तर गार द्या, कुल्फी चालते, 'घशाला थंड नको' म्हणून पोराला तहानलेलं ठेवू नका. दिवसातून तीन-चार वेळा कोमट मिठाच्या गुळण्या. लघवीवर लक्ष ठेवायचं, गडद पिवळी आणि दिवसातून दोनदाच होत असेल तर पाणी कमी पडतंय.

वेगळी खोली, वेगळे कपडे असलं काही करायची गरज नाही. बाटली, चमचा, टूथब्रश वेगळा, बस्स. व्हायरस थुंकीत कित्येक महिने राहतो, तेवढा काळ कुणाला कोंडून ठेवता येत नाही.

ही लक्षणं दिसली तर रात्री दोन वाजलेत हे बघू नका

टॉन्सिल इतके सुजले की आडवं झाल्यावर श्वास अडकतो, श्वास घेताना घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज येतो, थुंकी गिळता न येऊन तोंडातून गळते, किंवा तोंडच उघडत नाही आणि एकाच बाजूला भयंकर दुखतं, तर लगेच हॉस्पिटल. घशात राखाडी, चिकटून बसलेला पडदा आणि मान सुजलेली असेल, त्यातून लशी पूर्ण झालेल्या नसतील, तर घटसर्पाचा विचार करावा लागतो, त्यालाही त्याच वेळी. डोळे पिवळे होणं, मान आखडून डोकं फुटेल असं दुखणं, असंबद्ध बोलणं, बारा तास लघवी नाही, हेही तसंच.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पोटाच्या वरच्या डाव्या भागात, बरगड्यांखाली अचानक जोरात दुखणं, किंवा काही लागलेलं नसताना डाव्या खांद्याच्या टोकाला दुखणं, घाम येऊन पांढरं पडणं, उठल्यावर चक्कर. हे पाणथरी फाटून आत रक्तस्राव होत असल्याचं लक्षण असू शकतं. फार क्वचित होतं, हजारात एखाद-दोघांना किंवा थोडं जास्त, पण झालं तर मिनिटं महत्त्वाची असतात. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की मुलाला ग्लँड्युलर फीव्हर आहे.

घसा बरा झाल्यावरचे दिवस, जिथे सगळे चुकतात

तेराव्या दिवशी भाच्याचा ताप गेला, घसा मोकळा झाला, पोरगं वरण-भात-बटाटा भाजी चापून जेवलं. आणि एकोणिसाव्या दिवशी जिल्ह्याच्या कबड्डी टीमचं सिलेक्शन होतं. "मावशी, मी बरा झालोय गं, मला काही होत नाहीये", असं त्याने मला फोन करून सांगितलं, कारण ताई नाही म्हणाली तर मी मध्यस्थी करेन अशी त्याला आशा होती.

या आजारात घसा एका वेगाने बरा होतो, पाणथरी दुसऱ्या आणि थकवा तिसऱ्या. घसा साधारण दोन आठवड्यांत मोकळा होतो. पण पाणथरी तेव्हा अजून फुगलेली असते, फाटण्याचे बहुतेक प्रकार पहिल्या तीन आठवड्यांतच होतात आणि कधी त्यानंतरही. एरवी ती डाव्या बरगड्यांच्या आड सुरक्षित असते, फुगली की खाली उतरते, तिचं आवरण ताणलेलं असतं, आणि तेव्हा कबड्डीत कुणाचा गुडघा पोटात बसला तर काय होईल ते मी त्याला फोनवर सरळ सांगितलं. तो रडला. मलाही वाईट वाटलं, वर्षभर त्याने त्यासाठी मेहनत केली होती, पण ऐकलं त्याने.

म्हणून लक्षणं सुरू झाल्याच्या तारखेपासून, बरं वाटल्याच्या नाही, कमीत कमी तीन आठवडे कुठलाच खेळ आणि व्यायाम नाही. धक्काबुक्कीचे खेळ, कुस्ती, कबड्डी, फुटबॉल, खो-खो, आणि जिममधलं वजन उचलणं याला चार आठवडे तरी धरा आणि मग डॉक्टरांनी पोट तपासून हो म्हटल्यावरच. सायकलही नको, कारण पडताना हँडल पोटात घुसतं. पाण्याची कळशी, गॅस सिलिंडर, पुस्तकांनी भरलेली सॅक उचलायला सांगू नका. शौचाला कडक होऊ देऊ नका, जोर लावावा लागला की पोटातला दाब वाढतो. भावंडांची पलंगावरची मस्ती बंद. आणि घरी कुणीही 'बघू गाठ लागते का' म्हणून पोट दाबून बघायचं नाही. सोनोग्राफी सगळ्यांनाच लागते असं नाही, कारण पाणथरीचा आकार उंचीप्रमाणे माणसागणिक वेगळा असतो, आधीचा माहीत नसेल तर एका आकड्यावरून फार कळत नाही, डॉक्टरांना गरज वाटली तर ते सांगतील.

आराम म्हणजे दिवसभर पलंग नव्हे

पहिले दोन आठवडे झोप येईल तेवढी झोपू द्यायचं, अलार्म नाही, क्लासचं ऑनलाइन लेक्चर नाही. पण बरं वाटायला लागल्यावरही जबरदस्तीने महिनाभर आडवं ठेवलं तर स्नायू ढिले पडतात, रात्रीची झोप बिघडते आणि थकवा उलट लांबतो. त्यामुळे जेवायला उठून बसायचं, आंघोळ स्वतः करायची, संध्याकाळी गॅलरीत खुर्ची टाकून बसायचं.

सिलेक्शन सोडलं तरी भाच्याने सतराव्या दिवशी गुपचूप दोन राउंड जॉगिंग केलं. त्या दिवशी काही नाही झालं. दुसऱ्या दिवशी तो दुपारी एकपर्यंत उठलाच नाही आणि पुढचे तीन दिवस पुन्हा पलंगावर. तिथून आम्ही एक पद्धत धरली, मोजमाप आजचं नाही, उद्या सकाळचं. आज जे केलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो रोजच्यासारखाच उठला तर तेच आणखी दोन दिवस, मग थोडं वाढवायचं. जास्त गळून उठला तर एक पायरी मागे.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी त्याचं असं होतं, सकाळी २० मिनिटं वाचन, विश्रांती, संध्याकाळी पुन्हा २० मिनिटं, आणि बिल्डिंगच्या खाली दहा मिनिटं संथ चालणं. चौथ्या आठवड्यात अर्धा दिवस कॉलेज, बाबा स्कूटरवर खड्डे चुकवत सोडायचे, दुपारी घरी येऊन तासभर झोप, तासाच्या वर नाही नाहीतर रात्र बिघडते. पाचव्यात पूर्ण दिवस कॉलेज, पण क्लास बंद. पस्तिसाव्या दिवशी डॉक्टरांनी तपासून हलका सराव चालेल म्हटलं, टॅकल नाही. सहावा आठवडा संपताना तो मॅटवर परत उतरला, आधीच्या निम्म्या वेळेसाठी.

कॉलेजला पहिल्याच आठवड्यात डॉक्टरांचं सर्टिफिकेट देऊन ठेवा, हजेरीचा प्रश्न नंतर भांडून सुटत नाही. त्यात नुसतं 'व्हायरल फीवर' न लिहिता आजाराचं नाव आणि 'चार आठवडे पीटी व खेळ वर्ज्य' असं स्पष्ट लिहून घ्या, नाहीतर पीटीचे सर पोराला ग्राउंडवर पळवतात आणि त्यांना दोष देता येत नाही, त्यांना माहीतच नसतं.

लांबलंच तर

बहुतेक मुलं दोन-तीन महिन्यांत पूर्ववत होतात. साधारण दहातल्या एकाला सहा महिन्यांनीही थकवा राहतो, ते खरं असतं, मनाचं नसतं. महिन्या-दीड महिन्याने सुधारणा थांबली असेल तर डॉक्टरांकडे परत जाऊन हिमोग्लोबिन, थायरॉइड वगैरे बघून घ्यायचं, कारण आपल्याकडे विशेषतः मुलींमध्ये रक्त कमी असणं हे वेगळंच कारण सापडतं. अभ्यासाचं ओझं आणि उदास वाटणं हेही मुलाला एकट्याला बसवून शांतपणे विचारा.

मानेच्या गाठी काही आठवड्यांत हळूहळू उतरतात, भाच्याची एक वाटाण्याएवढी दोन महिने होती. पण गाठ कमी व्हायच्या ऐवजी वाढतेय, दगडासारखी टणक आहे, गळपट्टीच्या हाडाच्या वर आहे, किंवा वजन घटतंय, संध्याकाळी ताप, रात्री घामाने उशी भिजतेय, तर 'अजून त्या तापाचीच असेल' म्हणत बसायचं नाही. आपल्याकडे गंडमाळ, म्हणजे गाठींचा टीबी, अजूनही भरपूर आहे, आणि क्वचित रक्ताचे मोठे आजारही असेच सुरू होतात. चार आठवड्यांत गाठ लहान होताना दिसली नाही तर दाखवायची, लागली तर सुईने त्यातल्या पेशी काढून तपासायची. आम्ही दर रविवारी आंघोळीनंतर त्याची ती एक गाठ बघायचो आणि कॅलेंडरवर आकार लिहायचो, बोर, वाटाणा, मूग, आणि सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी ताईने त्या चौकोनात काहीच लिहिलं नाही.